रबराचा तुकडा फुगवून मॉड्यूलस काढताना: क्रॉसलिंक घनतेचा हिशोब, पहिल्या वजनापासून

रबराच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या माणसाला ‘मॉड्यूलस’ हा शब्द पहिल्याच आठवड्यात दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू येतो. टेन्साइलच्या रिपोर्टवर ‘मॉड्यूलस १००’ असा रकाना असतो. तो खरं तर गुणांक नाही. नमुना मूळ लांबीच्या दुप्पट ताणला तेव्हा त्यात किती ताण आला, एवढंच तो सांगतो. दुसरीकडे बुश किंवा माउंटिंगचं डिझाइन करणारा इंजिनिअर E मागतो, म्हणजे अगदी थोड्या ताणाला लागू होणारा यंगचा गुणांक. रबराची ताण-वक्ररेषा सरळ नसते, त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. या लेखात जिथे नुसतं मॉड्यूलस म्हटलंय, तिथे E किंवा शिअर मॉड्यूलस G समजा.

हा E मशीनवर न ओढतासुद्धा अंदाजता येतो. रबराचा चौकोनी तुकडा टोल्यूइनमध्ये फुगवायचा, तीन वजनं घ्यायची आणि थोडं गणित करायचं. पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यातून येणारा आकडा किती पक्का आणि कुठे कच्चा, हे सहसा कोणी शेजारी बसून सांगत नाही. म्हणून एकच साधं कंपाउंड घेऊन हा हिशोब शेवटपर्यंत करून दाखवतो.

रबर परत का खेचतं

कच्च्या नैसर्गिक रबराची साखळी म्हणजे आयसोप्रीनच्या हजारो घटकांची लांब माळ. ती सतत वळवळत असते आणि स्वतःभोवती गुंडाळलेली असते. व्हल्कनायझेशनमध्ये गंधक या माळांना अधूनमधून एकमेकींशी जोडतं. त्या जोडांना आपण क्रॉसलिंक म्हणतो. दोन जोडांमधला माळेचा तुकडा म्हणजे या हिशोबातली ‘साखळी’. पुढे जिथे साखळी म्हणेन, तिथे हा तुकडाच डोळ्यांसमोर ठेवा.

रबर ताणलं की साखळी सरळ होते. सरळ राहण्याचे मार्ग मोजके आणि गुंडाळून राहण्याचे असंख्य, म्हणून उष्णतेची धडपड तिला परत गुंडाळायला लावते. स्टीलमध्ये अणूंमधले बंध ताणले जातात, इथे तसं होत नाही. जाड रबरबँड झटकन ताणून वरच्या ओठाला लावून पाहा, तो कोमट लागतो. तसाच ताणलेला थोडा वेळ धरा आणि ओठापासून न हलवता सैल सोडा, तर गार लागेल. या कारणाने मॉड्यूलस तापमानाच्या प्रमाणात वाढतो आणि सूत्र वायूच्या सूत्रासारखं दिसतं:

```
G = n R T
E = 3 G
```

इथे n म्हणजे एका घन सेंटिमीटर रबरात असलेल्या साखळ्या, मोलमध्ये. ताणताना रबराचं आकारमान जवळजवळ बदलत नाही, म्हणून E हा G च्या तिप्पट. R ची किंमत ८.३१४ घेतली, n मोल प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणि T केल्विनमध्ये ठेवलं, तर उत्तर थेट मेगापास्कलमध्ये येतं, कारण एक जूल प्रति घन सेंटिमीटर म्हणजेच एक मेगापास्कल. नवशिक्यांची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते: तापमान २९८ च्या जागी २५ टाकलं जातं आणि उत्तर बारापट लहान येतं.

शब्दांचा एक घोळही आत्ताच मिटवून टाकू. एका क्रॉसलिंकपाशी साखळ्यांची चार टोकं भेटतात आणि प्रत्येक साखळीला दोन टोकं असतात. म्हणून साखळ्यांची संख्या क्रॉसलिंकच्या दुप्पट असते. ‘क्रॉसलिंक घनता’ या नावाखाली कोणी n देतं, तर कोणी n चं निम्मं. दुसऱ्याच्या रिपोर्टमधला आकडा आपल्याशी ताडून पाहण्याआधी त्यांनी यातलं काय दिलंय ते विचारून घ्या.

तुकडा फुगवायचा कसा

उदाहरणाचं कंपाउंड अगदी बाळबोध आहे. नैसर्गिक रबर १०० भाग, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक अॅसिड २, गंधक २.५ आणि सीबीएस हा अॅक्सिलरेटर ०.६. एकूण ११०.१ भाग. कार्बन ब्लॅक नाही, तेल नाही. रिओमीटरवर १५० अंशांना टी-९०, म्हणजे व्हल्कनायझेशन अर्थात क्युअर नव्वद टक्के व्हायला लागणारा वेळ, काढायचा आणि प्रेसमध्ये तेवढाच वेळ देऊन २ मिलिमीटर जाडीची शीट करायची. पहिल्यांदा शिकताना ब्लॅक असलेलं कंपाउंड घेऊ नका. का, ते शेवटाकडे येईल.

शीटच्या मधल्या भागातून साधारण ११ मिलिमीटर बाजूचा चौकोन नव्या ब्लेडने कापा. त्याचं वजन पाव ग्रॅमच्या आसपास भरतं. असे तीन तुकडे घ्या. वजनकाटा ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत दाखवणारा हवा. प्रत्येक तुकड्याचं वजन लिहा आणि तो झाकणाच्या वेगळ्या बाटलीत, ५० मिलिलिटर टोल्यूइनमध्ये, अंधारात आणि २५ अंशांना ठेवा. मे महिन्यात प्रयोगशाळेचं तापमान दुपारी ३५ च्या पुढे जात असेल, तर बाटल्या वॉटर बाथमध्ये ठेवा. टोल्यूइन ४ अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा सगळं काम फ्यूम हूडमध्येच करायचं आणि जवळपास ठिणगी उडेल असं काही ठेवायचं नाही. निळ्या नायट्राइल हातमोज्यांवर भरवसा ठेवू नका, टोल्यूइन त्यांतून लवकर आरपार जातं. तुकडा चिमट्यानेच उचला.

दुसऱ्या दिवशी बाटलीत पाहिलंत तर तुकडा ओळखू येणार नाही. ११ मिलिमीटरचा चौकोन १९ मिलिमीटरच्या जवळ गेलेला असतो, जाडीही त्याच प्रमाणात वाढलेली असते आणि आकारमान जवळजवळ पाचपट झालेलं असतं. तो बुळबुळीत असतो, चिमट्यात धरला की घट्ट जेलीसारखा थरथरतो आणि कोपऱ्याला जोर लागला तर फाटतो. टोल्यूइनला थोडी पिवळसर छटा येते, कारण नेटवर्कला न चिकटलेलं सगळं बाहेर येत असतं: स्टिअरिक अॅसिडचा उरलेला भाग, अॅक्सिलरेटरचे अवशेष, नैसर्गिक रबरातली राळ. म्हणून २४ तासांनी टोल्यूइन बदला. ४८ आणि ७२ तासांनी वजन करा. दोन वजनांतला फरक एका टक्क्याच्या आत आला, की फुगणं थांबलं असं समजायचं.

या पद्धतीतला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे फुगलेल्या तुकड्याचं वजन. तो बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी टिपकागदावर एकेकदा हलकेच टेकवला आणि आधीच तोललेल्या झाकणाच्या छोट्या बाटलीत टाकून झाकण लावलं, हे सगळं दहा सेकंदांच्या आत व्हायला हवं. उघड्या पॅनवर ठेवलात तर काट्यावरचा शेवटचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जाईल, कारण टोल्यूइन उडत असतं. टिपकागद दाबायचा नाही. दाबला की आतलं टोल्यूइनही बाहेर येतं.

त्यानंतर तुकडा हूडमध्ये रात्रभर उघडा ठेवा. टोल्यूइनने चिंब असलेला तुकडा सरळ तापत्या ओव्हनमध्ये कधीही टाकू नये. दुसऱ्या दिवशी ७० अंशांना, शक्यतो व्हॅक्यूममध्ये, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. हे तिसरं वजन. मूळ वजनापेक्षा ते दोन-तीन टक्क्यांनी कमी भरणं या कंपाउंडमध्ये साहजिक आहे. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं तर क्युअर अपुरा आहे का, ते आधी पाहा. नेटवर्कमध्ये न गुंफलेलं रबरच विरघळून गेलेलं असण्याची शक्यता असते.

तीन वजनांतून φ

समजा तुमच्या वहीत हे आकडे आहेत. हिशोब डोळ्याखालून सहज जावा म्हणून ते थोडे सरळ करून घेतले आहेत.

सुरुवातीचं वजन ०.२५०० ग्रॅम, फुगलेलं १.१०८० ग्रॅम, वाळलेलं ०.२४२४ ग्रॅम.

आपल्याला हवा आहे φ, म्हणजे फुगलेल्या तुकड्यात रबराचा आकारमानी वाटा. त्यासाठी रबर नेमकं किती होतं ते आधी ठरवायचं. वाळलेल्या तुकड्यात रबराखेरीज झिंक ऑक्साइडही अडकलेलं आहे. ते टोल्यूइनमध्ये विरघळत नाही आणि फुगतही नाही. ११०.१ भागांत ५ भाग, म्हणजे ०.२५०० ग्रॅममध्ये ०.०११४ ग्रॅम. ते वजा केलं की रबर उरतं ०.२३१० ग्रॅम. घनता ०.९२ धरली तर ०.२५११ घन सेंटिमीटर. आत शिरलेलं टोल्यूइन १.१०८० वजा ०.२४२४, म्हणजे ०.८६५६ ग्रॅम. २५ अंशांना त्याची घनता ०.८६२, म्हणून आकारमान १.००४२ घन सेंटिमीटर. φ आला ०.२५११ भागिले १.२५५३, म्हणजे ०.२००.

झिंक ऑक्साइडचा हा छोटासा आकडा मी सुरुवातीची काही वर्षं वजाच करत नव्हतो. पाच भागांनी काय बिघडतं, असं वाटायचं. पण तो तसाच ठेवला तर φ ०.२०८ येतो आणि शेवटचं n नऊ टक्क्यांनी जास्त निघतं. तो फरक गंधकाच्या बदलामुळे पडला, असं समजून मी एका कंपाउंडची रेसिपी विनाकारण बदलायला लावली होती. तेव्हापासून रेसिपीचा कागद समोर असल्याशिवाय हा हिशोब करत नाही.

φ पासून n

पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये मांडलेली कल्पना सोपी आहे. टोल्यूइन आत शिरू पाहतं, कारण मिसळण्याकडे त्याचा कल असतो. साखळ्या ताणल्या जातात आणि त्याला मागे ढकलतात. दोन्ही जोर समसमान झाले की फुगणं थांबतं. साखळ्या जितक्या आखूड, तितका तुकडा कमी फुगतो.

```
-[ ln(1-φ) + φ + χ φ² ] = V1 · n · ( φ^(1/3) - φ/2 )
```

V1 म्हणजे टोल्यूइनचं मोलर आकारमान. २५ अंशांना ते १०६.९ घन सेंटिमीटर आहे. χ हा रबर आणि टोल्यूइन यांचं किती जमतं ते सांगणारा आकडा, आणि नैसर्गिक रबरासाठी तो बहुधा ०.३९३ घेतात. डावी बाजू हाताने काढा, एकदा तरी. ln(०.८) म्हणजे −०.२२३१४४. त्यात ०.२ मिळवा आणि ०.३९३ गुणिले ०.०४, म्हणजे ०.०१५७२ मिळवा. बेरीज −०.००७४२४, आणि बाहेरच्या ऋण चिन्हामुळे ती ०.००७४२४ होते. उजवीकडचा कंस ०.५८४८ वजा ०.१, म्हणजे ०.४८४८. भागाकार केला की n येतं १.४३ × १०⁻⁴ मोल प्रति घन सेंटिमीटर.

```python
from math import log
phi, chi, V1, T = 0.200, 0.393, 106.9, 298.0
lhs = -(log(1 - phi) + phi + chi*phi**2)
n = lhs / (V1*(phi**(1/3) - phi/2))   # mol/cm3
G = n*8.314*T                         # MPa
print(n, G, 3*G)
```

G ०.३५५ आणि E १.०६ मेगापास्कल. घनतेला n ने भागलं की एका साखळीचं सरासरी वजन मिळतं: ०.९२ भागिले १.४३ × १०⁻⁴, म्हणजे मोलमागे सुमारे ६४०० ग्रॅम. आयसोप्रीनच्या एका घटकाचं वजन ६८. म्हणजे दोन जोडांमध्ये साधारण ९४ घटक. नव्या माणसाने हा आकडा जरूर काढावा, कारण चूक ओळखायला तो फार उपयोगी पडतो. तुमच्या हिशोबात दोन जोडांमध्ये पाचच घटक निघाले, तर ते मऊ रबर नसून एबोनाइटच्या वाटेवरचं काहीतरी होईल. आणि दोन हजार निघाले, तर तुकडा टोल्यूइनमध्ये आकार धरून राहिलाच नसता.

याच n मधून गंधकाचा हिशोबही लागतो. क्रॉसलिंक म्हणजे n चं निम्मं, ०.७२ × १०⁻⁴ मोल. रेसिपीत १०० ग्रॅम रबरामागे २.५ ग्रॅम गंधक आहे. १०० ग्रॅम रबराचं आकारमान १०८.७ घन सेंटिमीटर आणि गंधकाचा अणुभार ३२.०६, म्हणजे घन सेंटिमीटरमागे ७.१७ × १०⁻⁴ मोल गंधक. प्रत्येक क्रॉसलिंकमागे दहा अणू खर्ची पडले. यातले काही त्या जोडातच लांब साखळी करून बसलेले असतात, काही एकाच माळेवर वलय करून किंवा लोंबकळत राहतात आणि मॉड्यूलसला काही देत नाहीत. गंधक कमी आणि अॅक्सिलरेटर जास्त असं कंपाउंड घेतलं, तर हा खर्च बराच खाली येतो. गंधक दुप्पट केलं तर मॉड्यूलस दुप्पट होईल, असं गृहीत धरणाऱ्याला हा दहाचा आकडा दाखवावा.

आकडा कुठे कच्चा आहे

वर केलेली वजाबाकी पुन्हा पाहा. ०.२२३ मधून ०.२१६ गेले आणि ०.००७ उरले. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांच्या फरकावर सगळा हिशोब उभा आहे. त्यामुळे आत शिरणारी लहान चूक बाहेर पडताना मोठी होते.

χ बद्दल प्रकाशित आकडे एकसारखे नाहीत. नैसर्गिक रबर आणि टोल्यूइनसाठी ०.३८ पासून ०.४२ पर्यंतच्या किमती वापरलेल्या दिसतात. ०.३८ घेतलं तर आपलं n सात टक्क्यांनी वाढतं, ०.४२ घेतलं तर साडेचौदा टक्क्यांनी घटतं. तुकडा तोच, वजनं तीच. म्हणून रिपोर्टमध्ये n लिहिताना कोणता χ घेतला ते शेजारीच लिहायचं. तो न लिहिलेला आकडा दुसऱ्याच्या काही कामाचा नाही.

वजनाची चूकही अशीच फुगते. फुगलेल्या तुकड्यातलं पाच टक्के टोल्यूइन काट्यावर पोचेपर्यंत उडालं, तर n दहा टक्क्यांनी जास्त येतं. चूक नेहमी त्याच दिशेला होते, म्हणून तीन तुकड्यांची सरासरी काढूनही ती जात नाही. ती पकडायची असेल तर तुकडा झाकणाशिवाय पॅनवर ठेवून दर दहा सेकंदांनी वजन टिपा, आलेख काढा आणि रेषा शून्य सेकंदापर्यंत मागे न्या. झाकणाच्या बाटलीतलं वजन आणि शून्य सेकंदाचं हे वजन जुळलं, तर तुमचा हात बसला असं समजा.

दोन्हीकडे एकच मॉडेल

आता खरी चूक होते ती जागा. वर वापरलेलं समीकरण अफाइन मॉडेलचं आहे. त्यात असं धरलंय की रबर जसं ताणलं जातं, तसेच आतले सगळे जोडही नेमक्या त्याच प्रमाणात सरकतात. दुसरं मॉडेल फँटम नावाचं, जेम्स आणि गुथ यांचं. त्यात जोड आपापल्या जागी हलत राहतात आणि साखळीवरचा ताण थोडा हलका करतात. चार टोकांच्या जोडासाठी ते असं लिहितात:

```
-[ ln(1-φ) + φ + χ φ² ] = (1/2) · V1 · n · φ^(1/3)
G = (1/2) n R T
```

आपल्या φ वरून या मॉडेलने n येतं २.३८ × १०⁻⁴, म्हणजे अफाइनपेक्षा दोन-तृतीयांशाने जास्त. पण त्याच मॉडेलचं G चं सूत्र लावलं, तर G येतो ०.२९४ मेगापास्कल. ०.३५५ आणि ०.२९४ यांच्यात १७ टक्क्यांचंच अंतर आहे, आणि ते समजण्यासारखं आहे.

घोटाळा होतो तो सरमिसळीत. फँटमने काढलेलं n घेऊन त्याला G = nRT लावलं, तर उत्तर ०.५९ येतं. अफाइनचं n घेऊन त्याला निम्म्याचं सूत्र लावलं, तर ०.१८. एकाच तुकड्याला तिपटीहून जास्त फरकाची दोन उत्तरं, आणि दोन्ही चूक. एका मॉडेलने वर चढलात तर खाली उतरताना वाटही त्याचीच धरायला हवी. जुन्या एक्सेल शीटमध्ये n एका पानावर आणि G दुसऱ्या पानावर असतो, तिथे ही सरमिसळ वर्षानुवर्षं लपून राहते. तुमच्या हाती अशी शीट आली, तर पहिल्याच दिवशी φ = ०.२०० टाकून पाहा. χ आणि V1 वर घेतलेलेच असतील, तर G ०.३५५ किंवा ०.२९४ यायला हवा.

मशीनवर ताडून पाहा

त्याच शीटमधून डंबेल कापा. मधला भाग ६ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड, म्हणजे छेद १२ चौरस मिलिमीटर. मशीन सावकाश चालवा. लांबी दीडपट झाली तेव्हा बल ५.७४ न्यूटन, दुप्पट झाली तेव्हा ८.८२ आणि अडीचपट झाली तेव्हा ११.२३, असं समजू.

सिद्धान्त सांगतो की ताण हा G गुणिले (λ − १/λ²) असायला हवा. λ म्हणजे लांबी किती पट झाली ते. दुप्पटीला कंसाची किंमत १.७५, म्हणून अफाइनच्या G ने ताण ०.६२ मेगापास्कल यायला हवा होता. मशीनवर तो ०.७३५ आहे. नवा माणूस इथे मशीनवर किंवा स्वतःच्या वजनांवर शंका घेतो. दोन्ही बरोबर आहेत.

प्रत्येक ताणाला त्याच्या कंसाने भागा. दीडपटीला ०.४५३, दुप्पटीला ०.४२० आणि अडीचपटीला ०.४०० येतं. सिद्धान्त पुरता खरा असता तर तिन्ही आकडे सारखे आले असते. ते १/λ समोर आलेखावर मांडा. १/λ अनुक्रमे ०.६६७, ०.५ आणि ०.४. सरळ रेषा मिळते, तिचा उतार ०.२० आणि ती उभ्या अक्षाला ०.३२ वर छेदते. हा मूनी-रिव्हलिन आलेख. छेद 2C1 आणि उतार 2C2 असं लिहितात.

०.३२ हा आकडा नीट पाहा. तो ०.२९४ आणि ०.३५५ यांच्या मधोमध बसतो. टोल्यूइनने जे मोजलं, ते हेच आहे. उरलेले ०.२० साखळ्यांच्या एकमेकींतल्या गुंत्याचे आहेत. लांब माळा एकमेकींवरून, खालून गेलेल्या असतात आणि कोरड्या रबराला थोडा ताण दिला की हे गुंते तात्पुरत्या जोडांसारखे अडून बसतात. पाचपट फुगलेल्या तुकड्यात त्यांना सैल व्हायला भरपूर जागा मिळते, म्हणून ते टोल्यूइनच्या हिशोबात दिसत नाहीत. थोड्या ताणाला मात्र दोन्ही मिळून काम करतात: ०.३२ आणि ०.२० मिळून G होतो ०.५२ आणि E १.५६ मेगापास्कल.

ड्युरोमीटरने याची साक्ष काढता येते. गेंटचं सूत्र शोअर ए हार्डनेसवरून E चा अंदाज देतं:

```
E = 0.0981 (56 + 7.62336 S) / [ 0.137505 (254 - 2.54 S) ]
```

S च्या जागी ३८ टाका, E १.५७ येतो. ब्लॅक नसलेल्या अशा कंपाउंडची हार्डनेस ३५ ते ४० च्या दरम्यान भरणं नेहमीचंच आहे. टोल्यूइनचा १.०६ घेऊन बसलात तर या सूत्राने ३८ हार्डनेस कधीच जुळणार नाही. म्हणून फुगवून काढलेला E हा तळाचा आकडा समजा. डिझाइनवाल्याला तो जसाच्या तसा देऊ नका.

हा सगळा हिशोब साधारण अडीचपट लांबीपर्यंतच धरा. नैसर्गिक रबर चारपटीच्या आसपास ताणलं की त्यात स्फटिक बनू लागतात आणि साखळ्याही आपल्या पूर्ण लांबीकडे जायला लागतात. आलेखावरचे बिंदू मग रेषा सोडून वर वळतात. ‘मॉड्यूलस ३००’ नेमका त्याच भागात येतो, तेव्हा त्यावरून n काढायला जाऊ नका.

कार्बन ब्लॅकबद्दल थोडक्यात. ५० भाग ब्लॅक म्हणजे आकारमानाने सुमारे २० टक्के. गुथ-गोल्डच्या 1 + 2.5c + 14.1c² या सूत्राने, c म्हणजे ब्लॅकचा हा आकारमानी वाटा धरला तर, मॉड्यूलस दुपटीच्या थोडा वर जातो. प्रत्यक्षात अगदी कमी ताणाला तो त्याहूनही जास्त भरतो, कारण ब्लॅकचे कण आपसात जाळं धरतात आणि ते ताण वाढला की तुटतं. शिवाय कणाला चिकटलेलं रबर कमी फुगतं, आणि ते क्रॉसलिंक वाढल्यासारखं दिसतं. या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येईपर्यंत ब्लॅकच्या कंपाउंडचं n हे खरं n मानू नका.

तुलनेसाठी मात्र भरवशाचा

χ ची अडचण जिथे जवळजवळ नाहीशी होते, असं एक काम आहे, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा उपयोग तिथेच आहे. एकाच कंपाउंडचा जाड बुश घ्या. त्याच्या कातडीपासून एक तुकडा कापा, गाभ्यातून एक. समजा कातडीचा φ ०.२०० आला आणि गाभ्याचा ०.१८०. χ ०.३९३ धरला तर गाभ्याचं n १.१३ × १०⁻⁴ येतं, कातडीच्या ७९ टक्के. χ ०.४२ धरला तर दोन्ही n खाली येतात, पण प्रमाण ७८ टक्केच राहतं. गाभा कातडीपेक्षा पाचव्या हिश्श्याने सैल आहे, हे विधान χ काहीही घेतला तरी टिकतं.

आता गाभा सैल का, ते मात्र φ सांगत नाही. उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ कमी पडला असेल, किंवा रबर जास्त शिजून जोड तुटायला लागले असतील. त्याला आपण रिव्हर्शन म्हणतो, आणि गंधक जास्त असलेल्या नैसर्गिक रबराची ती नेहमीची खोड आहे. ओळखायला पुढच्या बॅचचा एक बुश प्रेसमध्ये काही मिनिटं जास्त ठेवा आणि दोन्ही तुकडे पुन्हा फुगवा. गाभ्याचा φ वाढला तर तो कच्चा होता. गाभ्याचा वाढला पण कातडीचा घटला, तर वेळ वाढवणं हा उपाय नाही. तापमान १० अंशांनी उतरवा, त्या तापमानाला टी-९० नव्याने काढा, वेळ त्या हिशोबाने लांबवा आणि कातडी व गाभा यांचे φ एकमेकांजवळ येतात का ते पाहा.